बारा जानेवारी: बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर न परतण्याच्या एका पत्राची गोष्ट

पुण्यातल्या कंपन्यांच्या पेरोल विभागात मी बावीस वर्षं काढली. आता घरी असते, पण ओळखीपाळखीतली मुलंमुली अजूनही पगाराच्या स्लिपा आणि राजीनाम्याचे मसुदे घेऊन येतात. ही त्यातलीच एक हकीकत. मुलीचं नाव बदललंय, कंपनीचं नाव सांगत नाही. तारखा आणि आकडे मात्र जसेच्या तसे ठेवलेत, कारण सगळा खेळ त्यांच्यातच आहे.

रेणुका माझ्या जुन्या सहकारिणीची मुलगी. राहायला वारज्याला. सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या, दोनेकशे माणसांच्या कंपनीत ६ जानेवारी २०२० ला लागली. ऑफिस तेव्हा बाणेरला होतं. पहिलं बाळंतपण, प्रसूतीची अपेक्षित तारीख ३ सप्टेंबर २०२४. तिने १५ जुलैपासून रजा घेतली. बाळ ३० ऑगस्टला झालं. दरम्यान ऑफिस खराडीला गेलं. वारजे ते खराडी म्हणजे सकाळी दीड तास आणि संध्याकाळी देवाच्या मर्जीवर. बाणेरला कंपनीने एका पाळणाघराशी बोलून ठेवलं होतं, खराडीत तसं काहीच केलं नव्हतं. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असली की कायद्याने पाळणाघराची सोय करावी लागते, पण तो वेगळा विषय आणि त्यावर भांडायची रेणुकाची तयारी नव्हती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती बाळाला घेऊन आली. "काकू, मी परत जाणार नाही. पण दमून सोडली असं नको व्हायला. ठरवून सोडायचीय आणि माझे पैसे घेऊन सोडायचीय."

मसुदा तिने फोनवरच लिहून आणला होता. मी वाचला. पहिल्या दोन परिच्छेदांत टीमची माफी मागितली होती. माझ्यामुळे तुमची गैरसोय झाली, मॅनेजरनी इतकं सांभाळून घेतलं तरी मी परत येऊ शकत नाही, वगैरे. तिसऱ्यात 'कौटुंबिक कारणांमुळे तातडीने राजीनामा देत आहे, २० डिसेंबर हा शेवटचा दिवस धरावा' असं होतं. आणि शेवटी एकच ओळ: 'माझे जे काही देणे असेल ते कृपया द्यावे.'

असे मसुदे मी बरेच पाहिलेत. पोरी चांगल्या शिकलेल्या असतात, कामात तरबेज असतात. पण हे एक पत्र लिहायला बसल्या की त्यांच्या मनात कंपनीचं काहीतरी देणं लागल्याची भावना शिरते. सहा महिने बसून पगार घेतला आणि आता जातेय, अशी. एचआरलाही तसंच वाटत असतं, म्हणून मसुद्यातली माफी पुढे हिशेबात वजावट होऊन उतरते. मी माफीवर काट मारली. पण खरी अडचण माफीची नव्हती. ती २० डिसेंबरची होती.

कॅलेंडर काढलं आणि दोघी बसलो. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याची रजा सव्वीस आठवडे, म्हणजे १८२ दिवस. १५ जुलैपासून मोजलं तर शेवटचा दिवस १२ जानेवारी २०२५, रविवार. सोमवारी १३ तारखेला कामावर हजर व्हायचं. आता दुसरी मोजणी. नोकरी ६ जानेवारी २०२० ची, म्हणजे पाच वर्षं पुरी होतात ५ जानेवारी २०२५ ला. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग नोकरी लागते. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांपर्यंतची रजा त्या सलग नोकरीत धरली जाते, तिने खंड पडत नाही. रजा पुरी भोगून १२ जानेवारीला बाहेर पडली तर पाच वर्षं आणि सात दिवस. २० डिसेंबरला पडली तर पाच वर्षांना सोळा दिवस कमी.

तिचा मूळ पगार २८,००० रुपये, महागाई भत्ता वेगळा नाही, एकूण मासिक पगार ६२,०००. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे. मूळ पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. २८,००० चे पाच वर्षांचे ८०,७६९ रुपये होतात. २० डिसेंबर लिहून ती हे ऐंशी हजार स्वतःच्या हाताने सोडून देत होती.

इथे जाणकार म्हणतील की चार वर्षं आणि पाचव्या वर्षातले २४० दिवस भरले तरी ग्रॅच्युइटी मिळते. मद्रास उच्च न्यायालयाने तसा अर्थ लावलेला आहे. पण तो मुद्दा घेऊन पुण्यातल्या एखाद्या पेरोलवाल्यासमोर गेलात तर तो पाच वर्षांवर बोट ठेवतो आणि मग भांडण सुरू होतं. रजा शिल्लक असताना सोळा दिवसांसाठी ते भांडण ओढवून घ्यायचं कशाला?

आता उरला नोटीस पिरियड. नेमणूकपत्रात साठ दिवस. बाहेर पडायचं १२ जानेवारीला, तर नोटीस १४ नोव्हेंबरला द्यायला हवी होती. आम्ही बसलो होतो २८ नोव्हेंबरला. दुसऱ्या दिवशी पत्र गेलं तर २९ नोव्हेंबर ते १२ जानेवारी असे ४५ दिवस भरतात, पंधरा कमी पडतात. मी तिला नेमणूकपत्र आणायला सांगितलं. तिच्याकडे पीडीएफ होती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की उभयपक्षी साठ दिवसांची लेखी नोटीस, किंवा कमी पडलेल्या दिवसांचा मूळ पगार. मूळ पगार, एकूण पगार नव्हे. ही ओळ मी पेन्सिलने अधोरेखित करायला सांगितली. पीडीएफवर पेन्सिल चालत नाही, हे तिने हसून सांगितलं.

रजेत असताना नोटीस चालू राहते का, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. बाळंतपणाच्या रजेत मालकाने बाईला कामावरून काढणं, किंवा रजेतच संपेल अशी काढून टाकण्याची नोटीस देणं, १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याचं बारावं कलम बेकायदा ठरवतं. पण ते बंधन मालकावर आहे. बाईने स्वतः रजेत असताना राजीनामा देऊ नये, असं त्या कायद्यात कुठेही नाही. ती नोकरीतच असते, नोटीस म्हणजे आगाऊ सूचना, ती तिने दिली. करारात किंवा पॉलिसीत 'रजेचे दिवस नोटीसमध्ये धरले जाणार नाहीत' असं साफ लिहिलेलं असेल तर मात्र बाजू कमकुवत होते आणि बोलून तोडगा काढावा लागतो. रेणुकाच्या कंपनीच्या पॉलिसीत एवढंच होतं की शिल्लक अर्जित रजा नोटीसमध्ये वळती करता येणार नाही. अर्जित रजा वेगळी, बाळंतपणाची रजा वेगळी.

मग पैशांची यादी. १ ते १२ जानेवारीचा रजेचा पगार: ६२,००० चे ३१ दिवसांपैकी बारा दिवसांचे २४,०००. शिल्लक अर्जित रजा १८ दिवस, कंपनीच्या पॉलिसीप्रमाणे मूळ पगार भागिले तीस, म्हणजे १६,८००. ग्रॅच्युइटी ८०,७६९. शिवाय एक जुनं दुखणं निघालं. २०२३-२४ चा व्हेरिएबल पे जुलैमध्ये जाहीर झाला होता, तिच्या नावे ४०,००० चं पत्रही आलं होतं. बाकीच्यांना ऑगस्टमध्ये मिळाला. हिला सांगितलं, परत आल्यावर देऊ. ज्या वर्षाचा तो पैसा, ते वर्ष तिने पूर्ण काम केलेलं. "तू विचारलं नाहीस?" "बाळ दहा दिवसांचं होतं हो काकू." यावर काय बोलणार?

आणि शेवटचा छोटा आकडा. प्रसूतीपूर्व आणि नंतरची वैद्यकीय देखभाल मालकाने फुकट पुरवली नसेल तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस कायद्याने द्यावा लागतो. कलम आठ. शंभरातल्या नव्वद बायकांना तो ठाऊक नसतो, हा माझा अंदाज, आकडेवारी नव्हे.

मूळ पत्र इंग्रजीत गेलं, कारण कंपनीचा कारभार इंग्रजीत. पण आम्ही ते आधी मराठीतच ठरवलं होतं, ते असं:

"प्रति, मनुष्यबळ विभाग प्रमुख. प्रत: माझे रिपोर्टिंग मॅनेजर.

मी १५ जुलै २०२४ पासून बाळंतपणाच्या रजेवर आहे. ही सव्वीस आठवड्यांची रजा १२ जानेवारी २०२५ रोजी संपते. रजेनंतर मी कामावर रुजू होणार नाही. या पत्राद्वारे मी राजीनामा देत असून १२ जानेवारी २०२५ हा माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस असेल. त्याआधीच्या कोणत्याही तारखेला मुक्त होण्यास माझी संमती नाही.

या पत्राच्या तारखेपासून नोटीसचे ४५ दिवस पूर्ण होतात. उरलेले १५ दिवस माफ करावेत ही विनंती. ते शक्य नसल्यास १३ जानेवारीपासून १५ दिवस मी घरून कामाचं हस्तांतरण करून देईन, आणि त्या परिस्थितीत शेवटचा दिवस २७ जानेवारी धरावा. किंवा नेमणूकपत्रातील तरतुदीनुसार १५ दिवसांचा मूळ पगार अंतिम हिशेबातून वजा करावा. यांपैकी कोणता पर्याय कंपनीला मान्य आहे ते लेखी कळवावे.

अंतिम हिशेबात पुढील रकमा याव्यात: १२ जानेवारीपर्यंतचा मातृत्व लाभ, १८ दिवसांच्या अर्जित रजेचा मोबदला, पाच वर्षांची ग्रॅच्युइटी, जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेला आणि मला अद्याप न मिळालेला २०२३-२४ चा व्हेरिएबल पे, आणि कायद्यानुसार वैद्यकीय बोनस. ग्रॅच्युइटीचा अर्ज मी स्वतंत्रपणे पाठवीन. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत शेवटची तारीख हीच असावी.

लॅपटॉप व ओळखपत्र परत करण्यासाठी सोयीची वेळ कळवावी."

बस्स. कारण दिलेलं नाही, कारण ते देण्याची गरज नाही. आभाराची एक ओळ तिने शेवटी स्वतः घातली, ती मी राहू दिली. पाच वर्षं तिने तिथे मनापासून काम केलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य 'त्याआधीच्या कोणत्याही तारखेला संमती नाही' हे. ते मी हट्टाने घालायला लावलं.

पाठवायचं कसं, यातही एक गंमत झाली. रजेवर गेल्यापासून तिचा कंपनीचा ईमेल बंद होता. एचआरच्या पोर्टलवर मात्र लॉगिन चालत होतं. तिथे राजीनाम्याचं बटण दाबलं की शेवटची तारीख आपोआप येते, साठ दिवस पुढची: २७ जानेवारी. तिथे शेऱ्याच्या चौकटीत 'सोबतच्या पत्राप्रमाणे १२ जानेवारी' लिहून पत्राची पीडीएफ जोडली. तेच पत्र तिच्या वैयक्तिक ईमेलवरून दोघांना, आणि एक छापील प्रत वारजे पोस्टातून रजिस्टर्ड, पोचपावतीसह. हल्ली पोस्टाने कोण पाठवतं, असं तिचा नवरा म्हणाला. पुढे कामगार कार्यालयात जायची पाळी आली तर पोर्टलवरच्या नोंदी तुमच्या हातात राहत नाहीत, पण ती पोचपावती तुमच्या कपाटात असते. पत्र न पाठवता नुसतं १३ तारखेला गैरहजर राहिलं तर काय होतं हेही सांगून ठेवते. पंधरवड्यात दोन ईमेल येतात, मग 'ॲबस्कॉन्डिंग', म्हणजे न सांगता निघून गेली, असा शेरा, आणि पुढच्या नोकरीत जुनी चौकशी झाली की तोच शेरा समोर येतो.

३ डिसेंबरला एचआरमधल्या बाईंचा फोन आला. गोड बोलल्या. "अगं, तू येणारच नाहीयेस तर बारा तारखेपर्यंत कशाला अडकून राहतेस? ३१ डिसेंबरला मोकळी करते तुला. वर्षही संपतं, हिशेबही सोपा होतो. नोटीसचंही मी बघते." रेणुकाला ते पटत आलं होतं. नोटीस माफ होत होती ना! तिने मला मेसेज केला, मी फक्त एक आकडा उलट पाठवला: ८०,७६९.

३१ डिसेंबर म्हणजे पाच वर्षांना पाच दिवस कमी. त्या बाईंनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. वर्षअखेरीला माणसांची मोजणी कमी दाखवायची घाई प्रत्येक एचआरला असते. पण परिणाम तोच झाला असता, आणि कंपनीने तिला काढलं असं कुणी म्हणू शकलं नसतं, कारण आपखुशीने लवकर जायला ती 'हो' म्हणाली असती. तिने ईमेलवर दोन ओळींचं उत्तर दिलं: फोनबद्दल आभार, माझ्या २९ नोव्हेंबरच्या पत्रातली तारीख कायम आहे.

याच काळात तिला एका ओळखीच्या फर्मचं डिसेंबरपासून थोडं बाहेरचं काम मिळत होतं. मी थांबायला सांगितलं. रजेच्या काळात दुसऱ्या कुठल्या आस्थापनेत काम केलं तर त्या काळाच्या मातृत्व लाभावरचा हक्क जाऊ शकतो, तशी तरतूद कायद्यात आहे. १३ जानेवारीपासून खुशाल कर म्हटलं. ती थांबली.

कंपनीने तीन पर्यायांवर काहीच कळवलं नाही. १४ जानेवारीला तिने ग्रॅच्युइटीचा ठरलेल्या नमुन्यातला अर्ज पाठवला. २० जानेवारीला 'फुल अँड फायनल'चा तक्ता आला.

तक्ता बघून तिची आईच मला रडत फोन करून म्हणाली, "अगं, ह्यांनी पोरीच्याच अंगावर पैसे काढलेत." खरंच काढले होते. जमेच्या बाजूला दोनच ओळी: जानेवारीचे २४,००० आणि रजेचे १६,८००. एकूण ४०,८००. वजावटीत पहिली ओळ, साठ दिवसांची नोटीस, एकूण पगाराच्या दराने, १,२४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २२,३२०. आणि तिसरी ओळ 'मॅटर्निटी रिकव्हरी', तीन महिन्यांचा पगार, १,८६,०००. कारण म्हणून पॉलिसीतलं कलम दिलं होतं: बाळंतपणाच्या रजेनंतर किमान सहा महिने काम न केल्यास शेवटच्या तीन महिन्यांचं वेतन परत करावं लागेल. सगळं मिळून उणे २,९१,५२०. तळाशी ओळ: 'सदर रक्कम सात दिवसांत भरल्यावर रिलीव्हिंग लेटर देण्यात येईल.'

पण मला जास्त खटकली ती वरच्या कोपऱ्यातली एक चौकट. 'लास्ट वर्किंग डे: १२ जुलै २०२४.' ती रजेवर जाण्याआधीचा शुक्रवार. ज्याने तक्ता भरला त्याने शब्दशः 'शेवटचा काम केलेला दिवस' घातला होता. पोरगी ऑफिसात शेवटची बसली ती १२ जुलैला, हे खरं. पण नोकरी १२ जानेवारीपर्यंत होती. त्या एका चौकटीमुळे नोकरीची वर्षं साडेचार झाली आणि सॉफ्टवेअरने ग्रॅच्युइटीची ओळच गाळून टाकली. मग मी तिला भविष्य निर्वाह निधीच्या साइटवर जाऊन बघायला सांगितलं. तिथेही 'Date of Exit' मध्ये तीच जुलैची तारीख भरली गेली होती, आणि रजेतल्या पगारावर कापलेला पीएफ मात्र डिसेंबरपर्यंत जमा होता. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्याच नोंदी एकमेकींना खोटं पाडत होत्या. पीएफमध्येही पाच वर्षांना महत्त्व आहे. त्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो.

२२ जानेवारीचं उत्तर आम्ही ओळीला ओळ लावून लिहिलं. रागाने लिहायचा तिचा विचार होता, मी तो मोडला.

'मॅटर्निटी रिकव्हरी'ला एकच परिच्छेद. मातृत्व लाभ बाईला मिळतो तो तिने आधी केलेल्या कामाच्या जोरावर: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की हक्क पक्का. पुढे परत यायची अट कायद्यात नाही. करारात ती घातली तरी सत्ताविसावं कलम सांगतं की या कायद्याशी विसंगत करार कायद्यापुढे टिकत नाही. मर्यादाही इथेच सांगते. कंपनीने कायद्यापेक्षा जास्त काही दिलं असेल, समजा सव्वीसऐवजी चौतीस आठवडे, आणि त्या वरच्या आठवड्यांसाठी परत येण्याची अट लेखी असेल, तर तेवढ्या भागावर कंपनी काही म्हणू शकते. इथे तसा एक दिवसही नव्हता.

नोटीसला दुसरा. आमची मोजणी, नेमणूकपत्रातली ती अधोरेखित ओळ, आणि १५ दिवसांचे मूळ पगाराने १४,००० रुपये. ते देणं आम्ही नाकारलं नाही. तिने स्वतः पत्रात तो पर्याय दिला होता, आणि कबूल केलेलं देणं आधी मान्य केलं की बाकीच्या ओळींवर तुमचं ऐकलं जातं, हा माझा अनुभव.

जीएसटीला तर दोनच वाक्यं पुरली. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात, क्रमांक 178/10/2022-GST, केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने सांगितलंय की नोकरी मध्येच सोडल्यावर कर्मचाऱ्याकडून घेतलेली अशी रक्कम ही सेवेची किंमत नसते, त्यावर जीएसटी लागत नाही. तरीही काही पेरोल सॉफ्टवेअरमध्ये तो खण अजून भरलेलाच असतो. कुणी विचारलं नाही तर कापतात.

मग तारखेची चौकट, डिसेंबरपर्यंतच्या पीएफ जमा नोंदीचा स्क्रीनशॉट, आणि ग्रॅच्युइटीची मागणी. शेवटी एक वाक्य, की अर्जावर तीस दिवसांत ग्रॅच्युइटी न मिळाल्यास आणि मातृत्व लाभातून कपात झाल्यास शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करण्याचा हक्क मी राखून ठेवते. धमकीसारखं नको, नोंदीसारखं हवं, म्हणून 'राखून ठेवते' हा शब्द.

हिशेबासोबत एक 'नो ड्यूज' फॉर्मही आला होता. लॅपटॉप मिळाला, कार्ड मिळालं अशा ओळींखाली बारीक अक्षरात 'माझी कंपनीकडून कोणतीही येणी बाकी नाही'. लॅपटॉप देताना गेटवर तो सही करून मागतात आणि माणूस कडेवरचं मूल सांभाळत सही करून टाकतो. रेणुकाने ती ओळ पेनाने खोडली, बाजूला 'अंतिम हिशेब प्रलंबित' लिहून सही केली आणि फोटो काढून घेतला. गेटवरच्या मुलाने काही म्हटलं नाही. त्याला लॅपटॉपशी मतलब.

आठवडाभर शांतता. मग एचआर प्रमुखांचा स्वतःचा फोन. 'सिस्टीमची चूक झाली' एवढंच म्हणाले. पुढच्या तक्त्यात रिकव्हरी नव्हती, जीएसटी नव्हता, नोटीसचे १४,००० वजा होते, ग्रॅच्युइटीचे ८०,७६९ आणि व्हेरिएबलचे ४०,००० जमेला होते. एकूण १,४७,५६९, त्यातून नेहमीचा पीएफ आणि कर. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यात आले. उणे दोन लाख एक्क्याण्णव हजारांवरून इथवर.

३,५०० मात्र दिले नाहीत. बाळंतपणाचं बिल कंपनीच्या गटविम्यातून गेलं, तीच वैद्यकीय सोय, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते ते चूक होतं. सोनोग्राफ्या आणि तपासण्या तिने आठ महिने स्वतःच्या खिशातून केल्या होत्या. पण रेणुका म्हणाली, काकू, आता पुरे. तिचा हक्क, तिने सोडला.

विम्याचं एक राहिलंच. गटविमा शेवटच्या दिवशी संपतो, आणि त्यात बाळाचंही नाव असतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज शक्यतो नोकरी संपायच्या आधीच करायला हवा. डिसेंबरच्या गडबडीत मला ते सुचलं नाही, तिलाही नाही. तिला नवी पॉलिसी घ्यावी लागली आणि जुन्या थायरॉइडच्या दुखण्यासाठी प्रतीक्षेचा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ही चूक माझी.

हे सगळं जुन्या कायद्यांखाली झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. सव्वीस आठवडे, ८० दिवस आणि ३,५०० तसेच आहेत. पण राजीनाम्यानंतर वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत करायचा आहे, आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. रेणुकाचं हेच प्रकरण आज घडलं तर २८,००० ऐवजी साधारण ३१,००० वर मोजणी होईल आणि ग्रॅच्युइटी ८९,४२३ च्या आसपास जाईल.

पीएफची तारीख दुरुस्त व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिच्या बाबतीत भरलेली तारीख कर्मचारी आणि कंपनी दोघांनी मिळून केलेल्या संयुक्त अर्जाने बदलावी लागली, आणि कंपनीची सही मिळवायला रेणुकाने चार आठवडे पाठपुरावा केला. एप्रिलमध्ये एका दुपारी तिचा स्क्रीनशॉट आला. 'Date of Exit' समोर 12-01-2025. खाली तिने लिहिलं होतं, "बाळ झोपलंय, म्हणून फोन करत नाही."